मावशीच्या फंडाचं द.सा.द.शे.

२०२५ च्या जूनमध्ये मावशीचा फोन आला. "अगं, तो फंड मी काढून टाकते. बँकेची एफडी सात टक्के देते आणि हा सहासुद्धा देत नाही. पाच वर्षं उगाच वाट बघितली."

मावशी ठाण्याला घंटाळीजवळ राहते. शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाली. हिशेबाची वही आजही हातानं लिहिते, आणि तिच्या बेरजा चुकत नाहीत. म्हणूनच मला शंका आली. एका साध्या हायब्रिड फंडात त्या पाच वर्षांत सहा टक्केही सुटले नसतील, हे पटत नव्हतं. संध्याकाळी वर्तकनगरहून निघून तिच्याकडे गेले. तिनं वही उघडली. त्यात तीन ओळी होत्या.

१० जून २०२० ला दोन लाख, निवृत्तीच्या वेळी हातात आलेल्या रकमेतले. १० जून २०२२ ला तीन लाख, तेव्हा एक एफडी मुदत पूर्ण होऊन सुटली होती. १० जून २०२४ ला पाच लाख, गावच्या जमिनीतला तिचा वाटा आला तेव्हाचे. एकूण दहा लाख. खाली १० जून २०२५ चं मूल्य: १३,३४,००० रुपये.

तिचा हिशेब असा होता. दहा लाखांचे तेरा लाख चौतीस हजार झाले, म्हणजे फायदा ३३.४ टक्के. पाच वर्षांनी भागलं तर वर्षाला ६.७. पण तिला चक्रवाढ माहीत आहे, म्हणून तिनं पुढे जाऊन पाच वर्षांचा चक्रवाढ दर काढला: ५.९ टक्के. बेरीज बरोबर, भागाकार बरोबर, मूळही बरोबर काढलेलं. चुकलं होतं ते एकच. 'पाच वर्षं' हा आकडा तिनं दहाच्या दहा लाखांना लावला होता.

मी तिला तिच्याच वर्गातला प्रश्न विचारला. "मावशी, एका सावकाराला दोन लाख पाच वर्षांसाठी दिले, तीन लाख तीन वर्षांसाठी आणि पाच लाख एका वर्षासाठी. तिन्हीचं मिळून व्याज तीन लाख चौतीस हजार आलं. दर काय?"

ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "मुदत प्रत्येकाची वेगळी धरायला हवी."

पोर्टफोलिओचा परतावा मोजताना बहुतेकांची चूक इथेच होते. शाळेतलं ते सूत्र आठवा: मुद्दल, दर साल दर शेकडा आणि मुदत. एकच रक्कम एकदा ठेवली आणि एकदा काढली तर मुदत एकच असते, आणि नेहमीचा चक्रवाढ परतावा, ज्याला फंडवाले सीएजीआर म्हणतात, तो अगदी योग्य असतो. पण पैसे वेगवेगळ्या दिवशी गेले की 'मुदत' नावाची एक गोष्ट उरतच नाही. मावशीच्या निम्म्या रकमेला फंडात जाऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं. त्या पाच लाखांनी पाच वर्षांचं काम केलेलं नाही म्हणून फंडाला नापास करणं, हे जूनमध्ये शाळेत आलेल्या मुलाला मागच्या चार वर्षांच्या गैरहजेरीचा दंड लावण्यासारखं आहे.

आधी कच्चा अंदाज घेऊ, कारण तो डोक्यात करता येतो. प्रत्येक रकमेला तिच्या वर्षांनी गुणायचं. दोन लाख गुणिले पाच म्हणजे दहा, तीन गुणिले तीन म्हणजे नऊ, पाच गुणिले एक म्हणजे पाच. बेरीज चोवीस. दहा लाखांवर ही चोवीस वाटली तर सरासरी मुक्काम येतो २.४ वर्षांचा. म्हणजे मावशीचा एक रुपया सरासरी अडीच वर्षांहूनही कमी काळ फंडात होता. २.४ वर्षांत ३३.४ टक्के वाढ याचा चक्रवाढ दर येतो साधारण पावणेतेरा टक्के. हे उत्तर पक्कं नाही, कारण चक्रवाढीत जुन्या रकमेची वाढ नव्या रकमेहून वेगानं फुगते आणि सरासरी मुक्काम ते फुगणं पकडत नाही. पण खरं उत्तर सहाच्या आसपास नाही, बाराच्या आसपास आहे, एवढं या ओळीवरून कळतं.

पक्क्या उत्तरासाठी प्रश्न असा मांडायचा: असा कोणता एकच चक्रवाढ दर आहे, जो तिन्ही रकमांना त्यांच्या त्यांच्या मुदतीप्रमाणे लावला तर शेवटी नेमके १३,३४,००० होतात? हा दर थेट सूत्रानं निघत नाही. अंदाज करून तपासावा लागतो. आम्ही वहीतच करून पाहिलं. दहा टक्के धरले तर दोन लाखांचे ३,२२,१०२, तीन लाखांचे ३,९९,३०० आणि पाच लाखांचे ५,५०,०००. बेरीज १२,७१,४०२, म्हणजे कमी पडले. चौदा टक्के धरले तर १३,९९,५४६, म्हणजे जास्त झाले. मग मावशीनं स्वतःहून बारा घेतले. ३,५२,४६८ अधिक ४,२१,४७८ अधिक ५,६०,०००, बेरीज १३,३३,९४६. फक्त चौपन्न रुपये कमी. तिनं पेन खाली ठेवलं.

हा जो बारा टक्के सापडला, त्यालाच एक्सआयआरआर म्हणतात. नाव बोजड आहे, पण आत एवढंच आहे: वेगवेगळ्या मुदतींच्या रकमांचं मिळून एक द.सा.द.शे., चक्रवाढ पद्धतीनं. आपण तीन अंदाजांत जे केलं तेच गुगल शीट काही क्षणांत, पुष्कळ जास्त अंदाज करून, दशांशापर्यंत नेतं. फरक एवढाच की शीट वर्षं न मोजता दिवस मोजतं आणि त्यांना ३६५ नं भागतं.

तिच्या लॅपटॉपवर गुगल शीट उघडून आम्ही हे भरलं. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात रक्कम. खिशातून गेलेल्या पैशाला उणे चिन्ह, खिशात आलेल्याला अधिक. आजचं मूल्य हे 'आज सगळं विकलं असतं तर हातात आलं असतं' असं धरून अधिक चिन्हानं शेवटच्या ओळीत.

```
     A                  B
2    =DATE(2020,6,10)   -200000
3    =DATE(2022,6,10)   -300000
4    =DATE(2024,6,10)   -500000
5    =DATE(2025,6,10)   1334000
7                       =XIRR(B2:B5,A2:A5)
```

उत्तर आलं ११.९९ टक्के. वहीतल्या बारापेक्षा किंचित कमी, कारण मध्ये २९ फेब्रुवारी २०२४ आला. पहिल्या दोन रकमांना एकेक दिवस जास्त मिळाला, आणि तेवढंच मूल्य गाठायला दर केसभर कमी पुरला.

मावशीला शीटवर विश्वास बसायला वेळ लागला, आणि मला तिचं ते आवडलं. सूत्र लिहिलं, आकडा आला, एवढ्यावर थांबू नये. तपासायची रीत सोपी आहे. शेजारच्या रकान्यात प्रत्येक रक्कम सापडलेल्या दरानं शेवटच्या तारखेपर्यंत वाढवून बघायची:

```
C2:  =-B2*(1+$B$7)^(($A$5-A2)/365)
```

हे सूत्र खाली चौथ्या ओळीपर्यंत ओढायचं आणि तिन्हींची बेरीज घ्यायची. ती १३,३४,००० आली तर दर बरोबर. नाही आली तर शीटचं गणित कुठेतरी फसलंय.

आणि ते फसतं. सगळ्यात जास्त फसवते तारीख. आपण १०/०६/२०२० असं लिहितो तेव्हा आपल्या डोक्यात १० जून असतो. शीटची भाषा-प्रदेशाची सेटिंग अमेरिकेची असेल तर ते ६ ऑक्टोबर वाचतं आणि काहीच तक्रार करत नाही. २५/०६ मात्र त्याला वाचताच येत नाही, कारण पंचविसावा महिना नाही. मग ती तारीख नुसता मजकूर म्हणून पडून राहते. ओळखायची खूण अशी की खरी तारीख रकान्यात उजवीकडे चिकटते आणि मजकूर झालेली डावीकडे. म्हणूनच वर मी DATE वापरून वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे लिहिले. किंवा `File` मधल्या `Settings` मध्ये जाऊन `Locale` भारत करून घ्यावं.

चिन्ह विसरलं आणि सगळ्या रकमा अधिकच राहिल्या तर शीट `#NUM!` दाखवतं. ही चूक निदान दिसते. एक्सेलमधली एक चूक दिसत नाही, ती जास्त धोक्याची. तोटा असताना एक्सेलला कधी कधी उत्तर सापडत नाही आणि ते जवळजवळ शून्य दाखवतं. टक्क्यांच्या रूपात ते ०.०० असं दिसतं आणि वाटतं, चला, मुद्दल तरी वाचलं. त्या पेशीत खरं तर `2.98E-09` असा काहीतरी आकडा असतो. असं दिसलं तर सूत्राला तिसरी जागा द्यायची, म्हणजे शोध कुठून सुरू करायचा तो अंदाज: `=XIRR(B2:B5,A2:A5,-0.1)`. वरचा तपासणीचा रकाना असला तर ही चूक लगेच पकडली जाते, कारण बेरीज जुळत नाही.

एसआयपीवाल्यांना मावशीसारखाच धक्का दरवर्षी बसतो. दर महिन्याच्या सुरुवातीला दहा हजार, असे बारा हप्ते, एकूण एक लाख वीस हजार. वर्ष संपताना मूल्य १,२७,७००. लोक म्हणतात, वर्षात साडेसहा टक्केसुद्धा नाही. पण पहिला हप्ता बारा महिने होता, शेवटचा एकच महिना. सरासरी मुक्काम साडेसहा महिन्यांचा. एक्सआयआरआर काढला तर बारा टक्क्यांच्या आसपास येतो.

उलट दिशेनंही हा आकडा फसवतो. लाख रुपये टाकले, तीस दिवसांत एक लाख तीन हजार झाले, तर एक्सआयआरआर ४३ टक्के दाखवेल. तो असं धरतो की हाच वेग वर्षभर चक्रवाढीनं चालू राहील, आणि तसं मानायला काहीही आधार नसतो. पैसे जाऊन वर्ष व्हायच्या आत एक्सआयआरआर बघूच नये. नुसती टक्केवारीतली वाढ बघावी आणि तिला वार्षिक दर म्हणू नये.

आता एक प्रश्न मला अनेक जण विचारतात: फंडाच्या पत्रकावर एक परतावा छापलेला असतो, माझा एक्सआयआरआर वेगळाच येतो, मग खोटं कोण बोलतंय? कोणीच नाही. दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. आकडे सोपे घेऊन पाहू. एका फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, सुरुवातीला शंभर, एका वर्षानं दीडशे, दोन वर्षांनी एकशे वीस. पत्रक म्हणेल, दोन वर्षांचा चक्रवाढ परतावा ९.५ टक्के. ज्यानं सुरुवातीला एक लाख टाकले आणि हात लावला नाही, त्यालाही तेवढाच मिळाला.

पण कासारवडवलीच्या एखाद्या गृहस्थानं सुरुवातीला एक लाख टाकले, पन्नास टक्के वाढ बघून वर्षानं दीडशेच्या भावात आणखी चार लाख टाकले, असं धरा. त्याच्याकडे शंभरच्या भावाची एक हजार युनिट आणि दीडशेच्या भावाची सुमारे २,६६७ युनिट. एकशे विसाच्या भावानं त्यांचे होतात चार लाख चाळीस हजार. टाकले होते पाच लाख. त्याचा एक्सआयआरआर उणे १०.२ टक्के. फंड तोच, काळ तोच. एकाला साडेनऊ टक्के मिळाले, दुसऱ्याचं मुद्दल घटलं. कारण मोठी रक्कम वाईट वर्षाच्या तोंडावर गेली.

पत्रकातला आकडा फंड कसा चालवला ते सांगतो. एक्सआयआरआर आपला पैसा कधी गेला आणि त्याचं काय झालं ते सांगतो, आणि त्यात आपले निर्णयही मिसळलेले असतात. म्हणून नुसत्या एक्सआयआरआरवरून फंडाला बरावाईट ठरवू नये. आणि आपला एक्सआयआरआर निर्देशांकाच्या छापील पाच वर्षांच्या परताव्याशीही ताडून पाहू नये, कारण त्या परताव्यात सगळे पैसे पहिल्याच दिवशी टाकलेले असतात. बरोबर तुलना एकच: त्याच तारखांना तेवढेच पैसे दुसरीकडे टाकले असते तर काय झालं असतं?

मावशीची दुसरी जागा एफडी होती, तर आम्ही तीच लावली. समजा तिन्ही वेळा सात टक्के मिळाले असते, वर्षाला चक्रवाढ. दोन लाखांचे २,८०,५१०, तीन लाखांचे ३,६७,५१३, पाच लाखांचे ५,३५,०००. एकूण सुमारे ११,८३,०००. फंडात होते १३,३४,०००. दीड लाखाचा फरक, करापूर्वीचा. एखाद्या निर्देशांक फंडाशी ताडायचं असेल तर प्रत्येक तारखेची त्याची एनएव्ही घेऊन तेवढ्या रकमेत किती युनिट आली असती ते काढावं, शेवटच्या एनएव्हीनं गुणावं आणि त्या मूल्याचा एक्सआयआरआर घ्यावा. काम वीस मिनिटांचं आहे.

मी उठणार होते, तेवढ्यात मावशीनं मोबाइल पुढे केला. "हे बघ, अ‍ॅपमध्येपण बारा टक्केच दाखवतंय." मी यादी बघितली. त्यात हाच एक फंड होता. मी विचारलं, "तू मध्ये दुसरं काही घेतलं नव्हतंस का? एका क्षेत्राचा कसला तरी फंड?"

घेतला होता. १० जून २०२१ ला एक लाख. तो पडत गेला, आणि १० जून २०२३ ला तिनं तो विकून टाकला. ७८,००० बँकेत आले. वहीच्या मागच्या पानावर ते लिहिलेलं होतं, पण "तो विषय संपला" म्हणून तिनं हिशेबात घेतलं नव्हतं. अ‍ॅपनंही घेतलं नव्हतं. काही अ‍ॅपमध्ये एक्सआयआरआर फक्त आज हातात असलेल्या फंडांचा असतो. विकलेले फंड यादीतून जातात आणि त्यांच्याबरोबर त्यांचा तोटाही जातो. पडलेले फंड विकायचे आणि वाढलेले ठेवायचे असं कोणी करत राहिलं, तर स्क्रीनवरचा आकडा सुधारत जातो आणि खिशातली स्थिती तशीच राहते. आपलं अ‍ॅप काय करतं ते ओळखायला, अ‍ॅपमध्ये दिसणारी एकूण गुंतवणूक बँकेच्या पासबुकातून खरोखर गेलेल्या पैशांशी जुळवून पाहावी. विकलेले फंड जुन्या व्यवहारांसकट पाहायचे तर कॅम्स आणि केफिनटेक या नोंदणी संस्थांकडून ईमेलवर मिळणारं एकत्रित स्टेटमेंट मागवावं, आणि मागवताना शून्य शिल्लक असलेले फोलिओही त्यात येतील असा पर्याय निवडावा.

आम्ही शीटमध्ये दोन ओळी वाढवल्या, २०२१ चा उणे एक लाख आणि २०२३ चा अधिक ७८,०००. सगळ्या पोर्टफोलिओचा मिळून एक्सआयआरआर ११.९९ वरून १०.३ टक्क्यांवर आला. विकलेले ते ७८,००० तिनं पुन्हा दुसऱ्या फंडात वळवले असते तर सगळ्या पोर्टफोलिओच्या हिशेबात ती ओळ घालायची नसते, कारण पैसा खिशात आलाच नाही, एका कप्प्यातून दुसऱ्यात गेला. लाभांशाचंही तसंच. बँकेत जमा झाला तर त्या तारखेला अधिक चिन्हानं ओळ, फंडातच परत गुंतला तर काही नाही, तो आजच्या मूल्यात आहेच.

मावशीनं वहीत ५.९ वर रेघ मारली, शेजारचा ११.९९ 'फक्त हा फंड' म्हणून ठेवला आणि खाली 'सगळं मिळून १०.३' लिहिलं. मग सात टक्क्यांचा हिशेबही त्या दोन ओळी धरून स्वतः पुन्हा केला. १२,२४,८०० आले. "म्हणजे फरक दीड लाखाचा नाही," ती म्हणाली, "एक लाख नऊ हजारांचा आहे." फंड तिनं ठेवला.